काटेरी रानात चालायचं असेल तर आधी बुटाचा तळ बघा

प्रश्न: झुडपी जंगलात गाईड म्हणून काम सुरू करतोय. वाटेवर काटे, साप, सुटे दगड सगळंच आहे. बूट किती उंच घ्यावेत आणि सोल किती दणकट हवा?

उंचीवरून आमच्या गटात इतके वाद झालेत की हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना. आमच्यातले सगळ्यांत जुने गाईड, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गुडघ्यापर्यंतचे बूट घालायचे आणि नवीन पोरांनाही तेच घ्यायला लावायचे. साप चावतो तो पायालाच, मग पाय झाका, एवढाच त्यांचा हिशेब. मी म्हणायचो, दादा, साप कधीतरी भेटतो, काटा रोज भेटतो.

एकदा आम्ही दोघं उतारावरून खाली येत होतो. बाभळीची वाळकी फांदी वाटेत पडलेली, वर दगडगोटे घसरून आलेले, त्यामुळे ती दिसत नव्हती. दादांचा पाय पडला, ‘काही नाही, टोचल्यासारखं वाटलं’ म्हणाले आणि पुढे चालत राहिले. मुक्कामाला येईपर्यंत लंगडायला लागले होते. बूट उलटा करून पाहिला तर तळाला काहीच दिसेना. काटा सोलच्या खाचेतून शिरला होता आणि बाहेरचं टोक घासून तळाच्या पातळीत तुटलं होतं. आतला इनसोल उपसून काढला तेव्हा टाचेच्या जागी टोक उभं दिसलं. प्रत्येक पावलाला आतला फोम दबत होता आणि काटा वर सरकत होता. त्याचा एक तुकडा टाचेत राहिला, तो पिकला, डॉक्टरांना चीर देऊन काढावा लागला आणि दादांचा तो हंगाम घरीच गेला. एवढे उंच बूट, पण तळाला नुसता मऊ फोम! दादा अजूनही म्हणतात, साप तर नाही ना चावला.

म्हणून सोल बघताना खाचा किती खोल आहेत त्यावर भुलू नका. खाचेच्या तळाशी रबर किती उरतं ते बघा, कारण काटा तिथूनच आत जातो. नुसत्या जाडीनेही भागत नाही. रबर आणि पाय यांच्यामध्ये काटा अडवणारा थर हवा. हा थर सेफ्टी शूजमध्ये मिळतो. स्टीलची पट्टी काटा पक्का अडवते, पण ती तळाच्या कडेपर्यंत पोचत नाही आणि ताठ असल्यामुळे दगडांवर पाय नीट वळत नाही. विणलेल्या कापडाचा थर लवचिक असतो आणि तळ पूर्ण झाकतो, पण बारीक टोक विणीतून वाट काढू शकतं. सेफ्टी शूजसाठीच्या आयएसओ २०३४५ या मानकाच्या नव्या आवृत्तीत या कापडी थराला पीएल किंवा पीएस अशी खूण असते. पीएलची चाचणी ४.५ मिलिमीटरच्या खिळ्याने होते, पीएसची ३ मिलिमीटरच्या. बाभळीचा काटा बारीक, म्हणून पीएसच घ्या. तरी ती चाचणी खिळ्याची आहे, काट्याची नाही, एवढं लक्षात असू द्या.

सुट्या दगडांसाठी टाचेला वेगळी कड हवी. उतरताना तीच रुतते. बूट दोन्ही हातांनी पिळून बघा. चिंध्यासारखा वळला तर ठेवून द्या, दगडावर तुमचा पायही तसाच वळेल.

आता उंची. माझ्या मते घोटा पूर्ण झाकणारा, साधारण आठ इंची, लेस घट्ट बसणारा चामड्याचा बूट पुरे. जाळीचं कापड असलेला नको, त्यातून काटे आणि कुसळं दोन्ही आत जातात. गुडघ्यापर्यंतचा ढगळ बूट घोट्याला धरत नाही आणि चढावर पाय उकडून काढतो. साप असलेल्या पट्ट्यात त्या आठ इंची बुटावर सापासाठीचे जाड गेटर चढवा, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत. पातळ नायलॉनचे गेटर कुसळांपुरते ठीक, घोणशीच्या लांब दातांपुढे त्यांचा उपयोग नाही. दादांना हेच सांगत होतो, पाय झाकायला बूटच उंच हवा असं कुठे आहे?

हां, गवत गुडघाभर असेल, वाट सपाट असेल आणि रात्री फिरायचं असेल तर उंच बूट खरंच बरे, तिथे दादांचं बरोबर आहे. फक्त तळाला काटा अडवणारा थर असलेलेच घ्या. आणि कुठलेही बूट घातले तरी दगडाच्या फटीत हात घालू नका, फुरसं तिथेच बसलेलं असतं. चावलंच तर आवळपट्टी न बांधता, पाय न हलवता माणसाला थेट दवाखान्यात न्यायचं.

रोज संध्याकाळी बूट काढल्यावर इनसोल बाहेर काढून आतून बोट फिरवा, हळूच. तळात रुतलेलं टोक चिमट्याने त्याच दिवशी उपटा. सकाळी घालण्याआधी बूट उलटा करून आपटा, विंचू आत शिरलेला असू शकतो.