कलाम या इस्लामी धर्मचिंतनाच्या परंपरेतल्या विद्वानांनी ईश्वर सिद्ध करायला अणूंचा आधार का घेतला?

कारण अणू मानले की जगाला सुरुवात होती हे दाखवणं सोपं जातं. त्यांच्या मते वस्तू ‘जौहर’ म्हणजे अविभाज्य कणांच्या, आणि रंग, गती, स्थिरता हे कणांवर येणारे-जाणारे गुण, ‘अरद’. एकच कण घ्या. तो हलतोय किंवा थांबलाय, तिसरा पर्याय नाही. थांबलेला हलू लागला की स्थिरता संपली आणि गती नव्याने आली, म्हणजे दोन्ही अनादी नाहीत. कण अशा गुणांविना कधीच नसतो, म्हणून तोही अनादी नाही. त्याला निर्माता हवा. कलाममधल्या अशअरी पंथाचे विद्वान तर म्हणत की गुण दोन क्षणही टिकत नाही, देव तो दर क्षणी नव्याने घडवतो.

मेख एवढीच: गुणांची साखळी मागे अनंतापर्यंत गेली तर कणही अनादी ठरू शकतो. म्हणून अनंत भूतकाळ अशक्य आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि अशअरी विद्वान जुवैनी (मृत्यू १०८५) यांनी ही पायरी स्पष्टपणे घातली. सगळेच अणुवादी होते असंही नाही. मुअतझिली या दुसऱ्या कलाम पंथाचा नज्जाम तर अविभाज्य कणच नाकारत असे. टीकेच्या नजरेतून हे वाचायचं असेल तर मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीसने कलामची १२ गृहीतकं एकत्र मांडली आहेत, ती पाहा.