कबरीत सवाल झाले, मग कयामतीला तराजू कशाला?

प्रश्न: मित्राच्या वडिलांच्या दफनाला मोमिनपुऱ्याच्या कब्रस्तानात गेलो होतो. माती देऊन झाल्यावर कोणीतरी म्हणालं, आता फरिश्ते सवाल करतील. कबरीतच चौकशी होते तर कयामतीला तराजू कशाला? आणि शफाअत, म्हणजे कोणाच्या माफीसाठी केलेली शिफारस, चालत असेल तर तराजूला अर्थ काय उरला?

उत्तर: मी इथलाच, नागपूरचा, सुन्नी हनफी घरातला. मदरशात आम्हाला अकीद्यासाठी, म्हणजे श्रद्धेच्या मूळ तत्त्वांसाठी, नजमुद्दीन नसफी यांचा छोटासा मजकूर तफ्ताज़ानी यांच्या भाष्यासह शिकवत. नसफी समरकंदचे, मृत्यू 1142 चा. तेव्हा हे त्यांच्या परंपरेनुसार सांगतो. हा श्रद्धेचा भाग आहे, सिद्ध करून दाखवण्याचा नाही. नसफी स्वतःच म्हणतात की कबरीची गोष्ट सम्ई दलिलींवर, म्हणजे कुराण-हदीसच्या पुराव्यांवर उभी आहे.

दफनाला होता म्हणजे तीन मुठी माती देताना पाहिलं असेल. त्या वेळी कुराणातली एक आयत (20:55) तीन तुकड्यांत म्हणतात: यातूनच तुम्हाला घडवलं, यातच परत नेऊ, यातूनच पुन्हा बाहेर काढू. म्हणजे कबर हा मधला मुक्काम झाला. तिथे मुन्कर आणि नकीर हे दोन फरिश्ते विचारतात: तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, आणि तुमच्यात पाठवलेल्या या माणसाबद्दल, म्हणजे पैगंबरांबद्दल, तू काय म्हणायचास? बघा, तिन्ही सवाल ईमानाचे, म्हणजे श्रद्धेचे आहेत. किती नमाजा पढल्या, कोणाचे पैसे बुडवले, हे त्यात नाही. ईमानवाल्यांतल्याही काही गुन्हेगारांना कबरीत अज़ाब, म्हणजे शिक्षा, होतो असं नसफी मानतात, पण त्याने पुढचा हिशोब माफ होतो असं कुठे म्हणत नाहीत. मोबाईलवर फिरणाऱ्या साप-विंचवांच्या व्हिडिओंवरून अकीदा ठरवू नका, मूळ मजकूर फार मोजकं बोलतो. आणि ज्याला कबरच मिळाली नाही त्याचं काय? तफ्ताज़ानी म्हणतात, पाण्यात बुडालेल्याला किंवा जनावराने खाल्लेल्यालाही हे चुकत नाही, आपल्याला दिसलं नाही तरी.

मग पुन्हा उठवणं, आणि त्यानंतर मीज़ान, म्हणजे तराजू. इथे जुने मुतज़िला पंडित अडले होते. कर्म ही काही वस्तू नाही, होऊन गेली की संपली. तिचं वजन कसं करणार? म्हणून त्यांनी तराजूचा अर्थ फक्त इन्साफ असा लावला. सुन्नींचं उत्तर असं की तराजू खरा आहे, त्याची रीत आपल्या अकलेत मावत नाही, आणि हदीसनुसार तोलल्या जातात त्या कर्मांच्या वह्या. तिर्मिज़ीच्या हदीससंग्रहात एका माणसाची हदीस आहे. त्याच्या गुन्ह्यांचे 99 गुंडाळे, एकेक नजर पोहोचेल तिथवर लांब. दुसऱ्या पारड्यात कलमा, म्हणजे ईमानाची कबुली, लिहिलेली एक चिठ्ठी, आणि तीच जड भरते.

आता तुमचा खरा पेच. एक माणूस घ्या: कलमा पढणारा, पण आयुष्यभर दारू प्यायला आणि तौबा न करता गेला. खारिजी नावाच्या जुन्या पंथाचे लोक म्हणत, तो काफिर झाला. मुतज़िला म्हणत, ना मोमिन ना काफिर, पण जहन्नममध्ये कायमचा. त्याच्यासाठी शफाअत नाही. नसफी म्हणतात, तो मोमिनच आहे. अल्लाह वाटल्यास त्याला माफ करेल, वाटल्यास शिक्षा देईल, पण तो तिथे कायमचा राहणार नाही. शफाअत येते ती याच माणसासाठी. तिर्मिज़ी आणि अबू दाऊदमध्ये पैगंबरांचं म्हणणं आहे की माझी शफाअत माझ्या उम्मतीतल्या, म्हणजे अनुयायांतल्या, मोठे गुन्हे करणाऱ्यांसाठी आहे. ज्याचं पारडं आधीच जड आहे त्याला सुटकेसाठी तिची गरज कुठे? म्हणजे तराजू आधी सांगतो की माणूस कुठे उभा आहे, आणि शफाअत ही त्यानंतरची विनंती. तीही इजाज़तीशिवाय नाही. आयतुल कुर्सीत (2:255) हे स्पष्ट आहे. मंत्र्याच्या ओळखीने फाईल सरकवावी तसला हा प्रकार नव्हे, कारण बोलायचं कोणी आणि कोणासाठी, हेही अल्लाहच ठरवतो.

ताजाबादला दर्ग्यात लोक बाबांकडे मागतात, तो वसील्याचा, म्हणजे कोणाला मध्ये घालून मागण्याचा, वाद वेगळा आहे. त्यावर आमच्यातच जोरदार मतभेद आहेत, तो इथे मिसळू नका.

एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. माणसांचे हक्क या माफीत सहज बसत नाहीत. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहातल्या हदीसनुसार खरा दिवाळखोर तो, जो नमाज-रोज़े घेऊन येतो, पण कोणाला शिवी दिलेली असते, कोणाचा माल खाल्लेला असतो. त्याची पुण्यं त्या लोकांना वाटून टाकतात, आणि ती संपली की त्यांचे गुन्हे त्याच्या माथी मारतात. म्हणूनच आपल्याकडे जनाज्याच्या नमाजेआधी घरचं कोणीतरी पुढे येऊन सांगतं: मरहूमकडे कोणाचं देणं असेल तर आम्हाला भेटा, नाहीतर माफ करा.