हाफिजच्या मद्याचा अर्थ लावताना

शब्दकोश हाताशी ठेवून ‘मद्य म्हणजे ईश्वरप्रेम, साकी म्हणजे गुरू’ अशी यादी करू नका. तिने शेर मरतो. फारसी कवी हाफिजच्या दिवानातला, म्हणजे काव्यसंग्रहातला, पहिलाच शेर घ्या: ‘साकी, प्याला फिरव आणि दे, कारण प्रेम आधी सोपं वाटलं, पण मग अडचणी आल्या.’ पहिली ओळ अरबी, दुसरी फारसी. सगळं वजन त्या ‘कारण’वर आहे. प्याला मागितलाय तो मौजेसाठी नव्हे. ‘मी’ शाबूत ठेवून ही वाट पुढे चालवत नाही म्हणून. सूफींची फना इथेच डोकावते. फना म्हणजे मरण नाही, ‘मी’पणाचे गुण गळणं, त्यानंतर बका, म्हणजे ईश्वरात टिकून राहणं. बगदादचे सूफी संत जुनैद तर नशेपेक्षा नशेनंतरच्या शुद्धीला वरचं मानत.

मराठीत आणताना खरी अडचण सर्वनामाची. फारसीत ‘ऊ’ म्हणजे तो आणि तीही. आपण ‘ती’ लिहिलं की शेर शृंगारिक होतो, ‘तो’ लिहिलं की अभंगासारखा. म्हणून पहिल्या खर्ड्यात सर्वनाम टाळा, ‘तिचे केस’ऐवजी नुसतं ‘ते केस’ लिहा. दोन्ही अर्थ जिवंत राहतात.