वेव्हफॉर्म, स्पेक्ट्रोग्राम आणि ‘उंच’ आवाज

प्रश्न : वेव्हफॉर्म आणि स्पेक्ट्रोग्रामला मराठीत काय म्हणावं? ‘उंच आवाज’ म्हटलं तर तो या चित्रांत कुठे बघायचा? आणि तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार दिसतो का?

वेव्हफॉर्मला ‘तरंगाकृती’ आणि स्पेक्ट्रोग्रामला ‘वर्णपटालेख’ म्हणता येईल. घोळ होतो तो मात्र ‘उंच’ या शब्दाने. दोन्ही चित्रांत डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, पण उभ्या अक्षावर वेगवेगळ्या गोष्टी असतात. तरंगाकृतीत रेघ उंच गेली म्हणजे हवेचा दाब जास्त बदलला, आवाज मोठा झाला. वर्णपटालेखात रेघ वर आहे म्हणजे तिची कंपनसंख्या जास्त आहे. तिथे आवाजाचा मोठेपणा उंचीत नसून रेघेच्या गडदपणात असतो. म्हणून लिहिताना ‘मोठा आवाज’ आणि ‘वरचा स्वर’ असे वेगळे शब्द वापरावेत. ‘उंच’ या एका शब्दावर दोन्ही अर्थ लादू नयेत.

आता तंबोऱ्याची फक्त खर्जाची तार छेडून ध्वनिमुद्रण करा. चारही तारा एकदम नकोत, त्यांचे स्वर एकमेकांवर चढतात. काळी एकच्या सुराला खर्ज साधारण 69 हर्ट्झवर येतो. हिशेबाला सोपं म्हणून 70 धरू.

तरंगाकृतीत तार छेडल्याक्षणी पट्टा एकदम रुंद होतो आणि हळूहळू निमुळता होत जातो. आवाज कसा विरतो ते इथे चटकन कळतं. स्वर कुठला, ते मात्र या अंतरावरून कळणार नाही. त्यासाठी चित्र इतकं मोठं करायचं, की पडद्यावर सेकंदाचा जेमतेम विसावा भाग उरेल. मग एकच नक्षी पुन्हा पुन्हा येताना दिसते. एका नक्षीची लांबी सुमारे 14 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण 70 आवर्तनं. सूर वरचा असता तर नक्ष्या जवळजवळ आल्या असत्या. नक्षीच्या आतले लहान चढउतार हे वरच्या अंशस्वरांचं, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत त्याच तारेतून निघणाऱ्या स्वरांचं काम, पण ते सगळे एकाच रेघेत मिसळलेले असतात. त्यातून गंधार वेगळा काढणं डोळ्यांना जमत नाही. शिवाय अंशस्वर तेच आणि तेवढेच जोरकस राहिले, फक्त त्यांची आवर्तनं एकमेकांच्या तुलनेत मागेपुढे सरकली, तरी नक्षीचं रूप पालटतं आणि कानाला मात्र फारसा फरक कळत नाही.

वर्णपटालेखात हेच अंशस्वर सुटे होतात. 70, 140, 210, 280, 350 अशा समान अंतराच्या आडव्या रेघा एकावर एक दिसतात. पहिली, दुसरी आणि चौथी षड्जाची, तिसरी पंचमाची, आणि 350 वरची पाचवी म्हणजे तुमचा स्वयंभू गंधार. गंधाराची तार तंबोऱ्यावर नसते, पण ही रेघ असते, आणि जवारी, म्हणजे घोडीवरची तारेची बैठक, नीट लागली असेल तर चांगली ठळक असते. जवारीचं काम इथे प्रत्यक्ष बघायला मिळतं : सगळ्या रेघा एकदम फिक्या होत जात नाहीत, ठळकपणा हळूहळू एका गटातून दुसऱ्या गटाकडे सरकतो.

स्वर ओळखताना सर्वांत गडद रेघ कुठली, हे पाहू नका. खर्जाची सर्वांत खालची रेघ बऱ्याचदा फिकी असते, आणि मोबाइलच्या लहान स्पीकरमधून तर 70 हर्ट्झ जवळपास बाहेर पडतच नाही. तरी आपल्याला खर्जच ऐकू येतो, कारण कान रेघांमधलं समान अंतर धरतो. तुम्हीही ते अंतरच मोजा. गडदपणाबाबत एवढंच, की तो प्रोग्रॅमच्या सेटिंगवर अवलंबून असतो. वेगळ्या सेटिंगने काढलेली दोन चित्रं शेजारी ठेवून ‘हा आवाज मोठा’ असं ठरवू नये.

Praat हा मोफत प्रोग्रॅम वापरलात तर पहिल्यांदा या रेघा दिसणारच नाहीत. तो मुळात बोलण्याच्या अभ्यासासाठी आहे, त्यामुळे `Window length (s)`, म्हणजे एका वेळी तपासायच्या आवाजाच्या तुकड्याची सेकंदांतली लांबी, आधीपासून 0.005 असते. इतक्या आखूड तुकड्यात 70 हर्ट्झचं एक आवर्तनसुद्धा मावत नाही. त्यामुळे शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळून जाड पट्टे होतात आणि त्यांत 14 मिलिसेकंदांच्या अंतराने उभे पट्टे उमटतात. उभे पट्टे दिसले की तुकडा आखूड आहे असं समजा. `Spectrogram settings...` मध्ये जाऊन ती लांबी 0.05 करा, वरची मर्यादा 1000 हर्ट्झवर आणा, की आडव्या रेघा सुट्या होतात. याची किंमतही आहे : तार नेमकी कोणत्या क्षणी छेडली, ती कड आता धूसर होते. तो क्षण हवा असेल तर वरच्या तरंगाकृतीतच पाहावा.