एचएसएन समरी करताना आधी हे बघ

अरे, जीएसटीआर-1 ची एचएसएन समरी काढताना पिव्होट लावायची घाई करू नकोस, आधी एचएसएनचा कॉलम बघ. तू मसाल्यांचा माल विकतोस ना, मग मिरचीचा 0904 एक्सेल गपचूप 904 करून टाकतं आणि जीएसटी पोर्टल ते घेत नाही. शेजारच्या कॉलममध्ये हे टाक:

```
=TEXT(A2,"0000")
```

मग बी टू बी आणि बी टू सी वेगळं कर, कारण मे 2025 पासून जीएसटीआर-1 च्या टेबल 12 मध्ये दोन्हीचे टॅब वेगळे आहेत. पिव्होटमध्ये एचएसएनखाली रेटपण ठेव, एकाच कोडवर दोन रेट असतील तर दोन ओळी यायलाच पाहिजेत.

सगळ्यात जास्त घोळ क्रेडिट नोटचा. समज 0904 ची बी टू बी बिलं 2,40,000 ची, त्यातला 12,000 चा माल परत आला, तर समरीत 2,28,000 जायला हवेत आणि 5 टक्क्यांनी सीजीएसटी, एसजीएसटी 5,700-5,700. क्रेडिट नोट मायनसमध्ये नसेल तर 2,52,000 दिसतात. म्हणजे फरक बरोब्बर क्रेडिट नोटच्या दुप्पट आला की समजायचं साइन चुकलंय, बिलं परत चाळत बसू नकोस (मी एकदा अख्खी रात्र घालवलीय).