बैठकीत सगळ्यांसमोर चूक झाली, आता पुढचा आठवडा

प्रश्न: काल मासिक आढावा बैठकीत वीसेक जणांसमोर मी चुकून मागच्या तिमाहीच्या फाइलमधले आकडे दाखवले. सरांनी मधेच थांबवलं, "हे आकडे कुठले?" म्हणाले. माझा आवाज कापायला लागला, चारपाच वेळा सॉरी म्हणालो आणि पुढचं नीट बोलताच आलं नाही. रात्रभर तेच डोळ्यांसमोर येत होतं. आज कोणाच्या नजरेला नजर देववत नाही. पुढच्या सोमवारी त्याच लोकांबरोबर पुन्हा बैठक आहे. तेव्हा रजा टाकू का?

उत्तर:

सोमवारी रजा टाकू नका. सोमवारकडे नंतर येते, कारण त्याआधी उद्या दुपारपर्यंत एक काम उरकायचं आहे.

तुमच्या मनात सध्या दोन गोष्टींचा गुंता झालाय. एक म्हणजे चुकीचे आकडे. दुसरी म्हणजे त्या वेळी वाटलेली लाज. आकड्यांची चूक इतरांचीही आहे, कारण ते आकडे वीस जणांनी पाहिले, एखाद्याने वहीत उतरवूनही घेतले असतील. ती दुरुस्त करणं तुमचं काम आहे. लाज मात्र पूर्णपणे तुमची आहे, ती दुसऱ्या कोणी दूर करायची नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आकडे तसेच राहतात आणि लाज घेऊन माणूस टेबलाटेबलावर फिरतो.

तर उद्या जेवणाच्या सुट्टीआधी, बैठकीला होते त्याच लोकांना एक मेल करा. त्यापेक्षा जास्त लोकांना नको आणि कमी लोकांनाही नको. मजकूर साधारण असा: "सोमवारच्या आढाव्यात मी दाखवलेले आकडे मागच्या तिमाहीचे होते. दुरुस्त तक्ता जोडला आहे. फरक तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यात आहे. एकूण बेरीज ४१२ नसून ३८६ आहे. त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेली वाढ प्रत्यक्षात कमी आहे, बाकीचे निष्कर्ष तसेच राहतात. झालेल्या गोंधळाबद्दल दिलगीर आहे. यापुढे फाइलवरची तारीख माझ्याबरोबर आणखी एक जण तपासेल." आकडे अर्थातच तुमचे घाला, पण क्रम हाच ठेवा: काय चुकलं, बरोबर काय आहे, त्याने निर्णयात काय बदलतं, पुढे काय करणार. दिलगिरी एकदाच, तीही शेवटाकडे.

हा मेल बिघडतो तो ठरावीक ठिकाणी. चूक कशी झाली याची कहाणी त्यात शिरते: दोन फाइलींची नावं सारखी होती, आदल्या रात्री उशीर झाला होता वगैरे. किंवा "माझ्याकडून असं व्हायला नको होतं, मला फार वाईट वाटतंय" अशी वाक्यं येतात. एक कसोटी सांगते. मेल वाचून समोरच्याला "अहो, असू द्या हो" असं उत्तर लिहावंसं वाटलं, तर तो बिघडला. "ठीक, मिळाला" एवढंच लिहावंसं वाटलं, तर जमला. आणि तो रात्री अकरा वाजता लिहू नका. त्या वेळी प्रत्येक वाक्य क्षमायाचनेकडेच झुकतं.

एकदा तो गेला की माफी संपली. हे मी ठासून सांगते, कारण याच ठिकाणी माझा स्वतःचा आठवडा वाया गेला होता. पूर्ण विभागासमोर मला एका प्रकल्पाची माहिती द्यायची होती आणि दुसऱ्याच वाक्याला माझं डोकं रिकामं झालं. शब्द सुचेना, मी कागद चाळत उभी राहिले, शेवटी माझ्या वरिष्ठांनी पुढचं बोलून घेतलं. पुढच्या चार दिवसांत मी सात जणांकडे जाऊन माफी मागितली. शुक्रवारी सातवीकडे गेले तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मनापासून विचारलं, "कशाबद्दल म्हणतेस?" मी आठवण करून दिल्यावर तिला आठवलं. तिच्या डोक्यातून गेलेली गोष्ट मीच परत नेऊन ठेवली होती. आधीच्या सहा जणांनी माझी समजूत काढली होती आणि दर वेळी मला तासभर बरं वाटलं होतं. त्या तासभराच्या बऱ्या वाटण्यासाठीच मी पुढच्या टेबलाकडे जात होते.

तुमच्या मनात पुन्हा सॉरी म्हणायची ओढ आली तर स्वतःला विचारा: समोरच्याला यातून काही नवीन माहिती मिळणार आहे का? मिळणार नसेल तर तुम्ही धीर मागायला निघाला आहात. धीर हवाच असेल तर बैठकीत नसलेल्या माणसाकडे मागा, घरच्यांकडे किंवा जुन्या मित्राकडे.

कोणी स्वतःहून विषय काढला तर मात्र टाळू नका. "हो, जुनी फाइल उघडली गेली. दुरुस्त तक्ता पाठवलाय, मिळाला ना?" एवढं म्हणा आणि लगेच त्या माणसाबरोबरच्या कामाचा एखादा खरा प्रश्न विचारा. नजरेला नजर देणं जड जातंय ना, तिथे कामाचा प्रश्न फार उपयोगी पडतो. दोघांनाही बघायला एक तिसरी गोष्ट मिळते.

आता रात्रीचं. "कोणाच्या लक्षातही आलं नसेल" असं मी म्हणणार नाही. सरांनी थांबवलं म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. पण पाहणं वेगळं आणि त्यावरून तुमच्याबद्दल मत बनवणं वेगळं. सावित्स्की, एप्ली आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली नेमकं हेच तपासलं. सगळ्यांसमोर फजिती झालेल्या माणसाला आपल्याबद्दल लोकांचं जितकं वाईट मत होईल असं वाटतं, तितकं पाहणाऱ्यांचं होत नाही, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. तुमचं सगळं लक्ष त्या एका चुकीवर खिळलेलं असतं. पाहणाऱ्याला मात्र तुमच्याबद्दल आणखी बरंच माहीत असतं, आणि त्याच्या मागे स्वतःचीही कामं असतात.

हे माहीत असूनही रात्री दोन वाजता चित्र फिरायला लागतंच. तेव्हा "आता याचा विचार नाही करायचा" असं ठरवू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल येतच राहिलं. आणि नंतर विचार करायला मोकळीक दिल्यावर, आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात ते जास्त वेळा आलं. त्यामुळे दाबण्याऐवजी त्या विचाराला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी, झोपायच्या बऱ्याच आधी, टेबलाशी बसून पंधरा मिनिटं. अंथरुणात नको.

त्या पंधरा मिनिटांत कागदाचे दोन भाग करा. डावीकडे फक्त तेच लिहा जे खोलीत कॅमेरा असता तर त्यात आलं असतं. उजवीकडे बाकीचं. तुम्ही सांगितलंत त्यावरून डावीकडे एवढंच येईल: चुकीचा तक्ता पडद्यावर आला, सरांनी आकडे कुठले ते विचारलं, मी चारपाच वेळा सॉरी म्हणालो, आवाज कापला, पुढचं अडखळत बोललो. "सगळे मला मूर्ख समजले" हे कॅमेऱ्यात येत नाही, ते उजवीकडे. "सर आता मोठं काम देणार नाहीत" हेही उजवीकडे. पहिल्या दिवशी उजवा भाग भरून वाहतो आणि डावा पाचसहा ओळींत संपतो. मग डाव्या भागातल्या प्रत्येक ओळीपुढे ती दुरुस्त झाली की नाही ते लिहा. तक्ता: मेल गेला. फाइल तपासणं: दोघं बघणार. उजव्या भागाशी वाद घालत बसू नका, तो तसाच राहू द्या. रात्री चित्र परत आलं तर "हे कागदावर आहे, उद्या संध्याकाळी बघू" एवढंच म्हणून कूस बदला. पहिल्या रात्री याने फारसा फरक पडत नाही, हेही सांगून ठेवते. मला तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी कळलं, जेव्हा पंधरा मिनिटं भरायला मजकूरच उरला नाही.

हे चाललंय की बिघडतंय हे ओळखायला एक खूण आहे. रोज डाव्या भागात नवीन तपशील सापडायला लागले ("तिसऱ्या रांगेतले दोघं हसले होते बहुतेक") तर ती आठवण नाही, भीती तपशील घडवतेय. जिथे "बहुतेक" लिहावं लागतं ते वाक्य उजवीकडचं.

आणि आता सोमवार. रजा टाकली तर त्या दिवशी सुटल्यासारखं वाटेल आणि तीच अडचण आहे. ती खोली टाळली म्हणून बरं वाटलं, हे मन लक्षात ठेवतं आणि त्याच्या पुढच्या सोमवारी दार आणखी जड होतं. शिवाय लोकांच्या मनातलं तुमचं शेवटचं चित्र कालचंच राहतं. ते बदलायला भव्य काही लागत नाही. नेहमीच्या जागी बसा, कोपऱ्यात सरकू नका. पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोला, कामाचं आणि छोटं: एखाद्या मुद्द्याची तारीख, एखादा प्रश्न, दुसऱ्याच्या आकड्याला दुजोरा. ते वाक्य आधी कागदावर लिहून न्या. जितका वेळ गप्प बसाल तितकं पहिलं वाक्य अवघड होत जातं, म्हणून सुरुवातीलाच. गेल्या वेळचा उल्लेख तुम्ही करू नका. सर्वांना हसवून वातावरण हलकं करायचा मोह होईल, तोही नको. सगळे परत गेल्या बैठकीतल्या त्याच क्षणाकडे बघतील.

आवाज पुन्हा कापला तर? कापू शकतो. सावित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण देणाऱ्यांवर एक प्रयोग केला. आपली घबराट आपल्याला वाटते तितकी बाहेर दिसत नाही, एवढं ज्यांना आधी समजावून सांगितलं होतं त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली ठरली. छातीतली धडधड तुम्हाला आतून ऐकू येते, टेबलापलीकडच्याला नाही. तेव्हा कापणारा आवाज सावरत बसू नका. श्वास पूर्ण बाहेर सोडा, कागदावर बघून आकडा वाचा, वाक्य संपवा.

दोन ठिकाणी मात्र हे सगळं अपुरं पडतं. सर दर बैठकीत तीच चूक सगळ्यांसमोर उगाळत असतील, तर तो प्रश्न तुमच्या मनाचा नाही. तेव्हा त्यांना एकट्याने भेटून "दुरुस्ती झाली आहे, आणखी काही बाकी असेल तर सांगा" असं स्पष्ट विचारावं लागतं. आणि दोनतीन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, किंवा दुसऱ्या बैठकाही टाळाव्याशा वाटू लागल्या, तर समुपदेशकाला भेटा. अशा भीतीवर नीट काम करता येतं, आणि ती जितकी लवकर दाखवाल तितकं ते सोपं जातं.

रविवारी तयारी एकदाच करा, चारदा नको. सोमवारी बैठकीआधी फाइलवरची तारीख बघा, सहकाऱ्यालाही बघायला लावा. आणि बाहेर पडताना कोणालाही "ठीक झालं ना आज?" असं विचारू नका. सरळ जागेवर जा आणि पुढचं काम उघडा.