पोस्टरवरचे चेहरे आधी झाका

*परवा बर्डीवर पोस्टर पाहिलं, सगळे हसत होते, म्हणून कॉमेडी समजून घरच्यांना घेऊन गेलो. निघाला रडका सिनेमा! नुसत्या पोस्टरवरून सिनेमा कसला आहे ते ओळखता येतं का?*

बऱ्यापैकी येतं, पण चेहऱ्यांपासून सुरुवात करू नका. चेहरे तिकीट खपवायला असतात. मी इथेच नागपुरात, महाल भागात फ्लेक्स-बॅनरचं डिझाइन करतो. आमच्या धंद्यात नजर आधी अक्षरांवर जाते.

हाताने चेहरे झाका आणि नावाची शिरोरेषा बघा. विनोदी सिनेमात ती सहसा धड सरळ नसते. अक्षरं जाड आणि गुबगुबीत, एखादं तिरकं, एखादं खाली घसरलेलं, मागे पिवळा किंवा आकाशी सपाट रंग. भयपटात तीच रेषा चिरलेली असते, नाहीतर तिच्यातून ओघळ येतात. घरगुती, भावनिक सिनेमात ती शांत आणि सरळ, अक्षरं बारीक किंवा हाताने लिहिल्यासारखी, आणि सगळ्या चित्रावर संध्याकाळच्या उन्हाचा रंग.

आता हात काढा आणि नजरा तपासा. कॉमेडीत मंडळी थेट तुमच्याकडे बघून तोंडं वेडीवाकडी करतात. रडक्या सिनेमात हसतात खरी, पण बघतात एकमेकांकडे किंवा चौकटीबाहेर, आणि बहुतेक वेळा त्यातला एक जण जरा बाजूला उभा असतो. तुमची गफलत बहुधा इथेच झाली असावी.

मांडणी काय करू शकते, हे बघायला १९७५ च्या ‘जॉज’चं पोस्टर काढा. वर लाल ठसठशीत नाव, त्याखाली पाण्यावर पोहणारी एवढीशी बाई, आणि खालून तिच्याकडे येणारा अवाढव्य शार्क. खालचा धोका आपल्याला दिसतो, तिला दिसत नाही. रक्ताचा थेंबही न दाखवता सिनेमा कसला आहे ते कळतं.

एक अडचण मात्र आहे. थिएटरवर लागतं ते शेवटचं पोस्टर, त्यात वितरकाला जास्तीत जास्त गर्दी हवी असते. म्हणून रडका सिनेमाही हसरा करून विकला जातो. त्याच सिनेमाचं कित्येक महिने आधी आलेलं टीझर पोस्टर मोबाइलवर शोधा. त्यात बहुतेकदा एखादी वस्तू, पाठमोरा माणूस किंवा भरपूर मोकळी जागा असते, आणि सिनेमाचा खरा सूर तिथे जास्त प्रामाणिकपणे सापडतो. दोन्हींचे रंग अगदीच वेगळे असले, तर मी टीझरवर विश्वास ठेवतो.

आणि घरी लहान मुलं असतील तर कोपऱ्यातलं प्रमाणपत्र वाचाच. आता यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. हसऱ्या चेहऱ्यांखाली यूए १६+ दिसलं, तर मुलांची तिकिटं काढण्याआधी ट्रेलर बघून घ्या.